पंधरा दिवस की नव्वद? थकीत भाड्याच्या नोटिशीतली मुदत कशी मोजतात

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमध्ये एक दुकानगाळा भाड्याने दिला आहे, असे समजा. भाडेकरू उत्तर भारतातून येऊन इथे धंद्यात रुळलेला. बाजारापुरते मराठी त्याला येते, पण कागद वाचायचा तर हिंदीच. आठ महिन्यांचे भाडे थकले. मालकाने त्याला कळेल अशा हिंदीत नोटीस पाठवली, ‘पंद्रह दिन के भीतर बकाया किराया जमा करें, अन्यथा दुकान खाली कराई जाएगी।’ सोळावा दिवस उजाडला. भाडे आले नाही. आता काय होते?

काहीच होत नाही. दुकानाला कुलूप ठोकायला कोणी येत नाही आणि न्यायालयातूनही लगेच हुकूम निघत नाही. इतकेच नव्हे, तर मुरुडच्या त्या गाळ्याला राज्याचा भाडे नियंत्रण कायदा लागू असेल, तर मालकाने सोळाव्या दिवशी ताब्यासाठी केलेला दावा मुदतीआधीचा म्हणून फेटाळला जाऊ शकतो. मग नोटिशीतल्या त्या पंधरा दिवसांना अर्थ काय, आणि खरी मुदत कोणती? ती मुदत नोटीस लिहिणारा ठरवत नाही, कायदा ठरवतो. नोटिशीचे काम ती मुदत सुरू करून देण्याचे. सगळा गोंधळ इथूनच निघतो.

आधी प्रश्न एकच: कायदा कोणता?

मराठवाड्यात भाड्याचे वाद बराच काळ हैदराबाद संस्थानाच्या वारशातून आलेल्या 1954 च्या घरभाडे नियंत्रण कायद्याने चालत. पश्चिम महाराष्ट्रात 1947 चा मुंबई भाडे कायदा होता आणि विदर्भात 1949 चा वेगळा आदेश. 31 मार्च 2000 पासून हे तिन्ही बाजूला झाले आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. जुन्या मुंबई कायद्यात थकबाकीच्या मागणीनंतर एक महिना थांबावे लागे. नव्या कायद्यात ही मुदत 90 दिवसांची झाली. तरीही जुन्या नमुन्यावरून उतरवलेल्या नोटिशींत ‘एक महिना’ आजही सापडतो.

हा नवा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही. ज्या क्षेत्रांना तो लागू आहे त्यांची यादी कायद्याला जोडलेल्या अनुसूचींत आहे आणि सरकार अधिसूचना काढून आणखी क्षेत्रे त्यात आणू शकते. त्यामुळे नोटीस लिहायच्या आधी जागा ज्या क्षेत्रात आहे ते यादीत आहे का, हे पाहावे लागते. लातूर शहरातला गाळा आणि त्याच तालुक्यातल्या एखाद्या छोट्या गावातली खोली यांना सारखाच कायदा लागू असेल असे धरून चालत नाही. क्षेत्र यादीत असले तरी काही भाडेकरू कायद्यातून वगळलेले आहेत. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या त्यात येतात.

भाडे कायदा लागू नसेल, तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागू होतो. दुकान किंवा घर महिन्याच्या भाड्याने असेल आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर त्याच्या कलम 106 नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो. शेती किंवा कारखानदारीसाठी दिलेल्या जागेला सहा महिन्यांची नोटीस लागते. नोटिशीत पंधरा दिवस येतात ते इथून. मात्र हे पंधरा दिवस पैसे भरण्यासाठी दिलेले नाहीत. ‘तुमचे-आमचे भाड्याचे नाते या तारखेला संपते’ हे सांगण्याची ती मुदत आहे.

म्हणजे दोन वेगळ्या नोटिशी आहेत आणि त्यांचा उद्देशही वेगळा. एक भाडेपट्टा संपवते, पंधरा दिवसांची. दुसरी थकबाकी मागते आणि भाडेकरूला ती फेडण्यासाठी नव्वद दिवसांची संधी देते. भाडे कायद्याखालच्या ताब्याच्या दाव्यासाठी पट्टा संपवणारी वेगळी नोटीस लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये धनपाल चेट्टियार प्रकरणात ठरवले. थकबाकीच्या कारणावरून ताबा मागायचा असेल, तर नव्वद दिवसांची मागणी मात्र चुकवता येत नाही.

नव्वद दिवस कुठून मोजायचे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 15 चा रोख भाडेकरूला बाहेर काढण्यावर नाही, मालकाला भाडे मिळवून देण्यावर आहे. भाडेकरू भाडे देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तोवर मालकाला थकबाकीच्या कारणावरून ताबा मागता येत नाही. पैसे थकलेच, तर मालकाने लेखी मागणी करायची आणि ती भाडेकरूला बजावल्यापासून नव्वद दिवस पूर्ण होईपर्यंत ताब्याचा दावा करायचा नाही.

महत्त्व ‘बजावल्यापासून’ या शब्दाला आहे. सोयाबीनचे दिवस बियाण्याची पिशवी दुकानातून आणली त्या दिवसापासून कोणी मोजत नाही, पेरणीपासून मोजतात. नोटिशीचेही तसेच. तिच्यावर टाकलेली तारीख किंवा ती टपालात टाकली तो दिवस मोजायचा नाही. ती भाडेकरूच्या हाती पडली तो दिवस महत्त्वाचा, आणि तोही गणनेत धरायचा नाही. मोजणी दुसऱ्या दिवसापासून.

मुरुडच्या गाळ्याचेच उदाहरण घेऊ. अनुसूची तपासून भाडे कायदा लागू आहे, हे वकिलाने पाहिले आहे असे धरू. भाडे महिना 6,000 रुपये, महिन्याअखेर देय. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने थकले, म्हणजे 48,000 रुपये. नोटिशीवर तारीख 4 जून. ती भाडेकरूला मिळाली 10 जूनला. मोजणी 11 जूनपासून. जूनचे 20 दिवस, जुलैचे 31 आणि ऑगस्टचे 31 धरले तर 82 होतात. उरलेले आठ सप्टेंबरचे. नव्वदावा दिवस 8 सप्टेंबर. ताब्याचा दावा 9 सप्टेंबरला किंवा त्यानंतर करता येतो. 4 जूनपासून मोजून कोणी 3 सप्टेंबरला दावा दाखल केला, तर तो सहा दिवस आधीचा ठरतो आणि मेहनत, वेळ, पैसा सगळेच पणाला लागते.

नव्वद दिवसांची अट ताब्याच्या दाव्याला आहे. फक्त थकलेले पैसे वसूल करायचे असतील, तर तो दावा वेगळा करता येतो. त्याला मर्यादा तीन वर्षांची, आणि ती प्रत्येक महिन्याचे भाडे देय झाल्यापासून स्वतंत्र धावते. म्हणून पाच-सहा वर्षे भाडे न मागता गप्प बसलेल्या मालकाला जुन्या महिन्यांचे पैसे दाव्यातून सहसा मिळत नाहीत.

नोटिशीत काय हवे?

नोटीस वकिलानेच पाठवली पाहिजे असे नाही. मालकाने स्वतः सही करून पाठवली तरी चालते. कायद्याची अट एवढीच, की ती लेखी हवी आणि देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीने कोणाची तरी सही त्यावर हवी. मात्र भाडेकरूला आपण नेमके काय देणे लागतो आणि कोणत्या जागेचे, हे एका वाचनात कळले पाहिजे.

जागा ओळखता येईल असे वर्णन, दरमहाचे भाडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत थकले, एकूण रक्कम आणि मुदत, हा तिचा गाभा. रक्कम थोडी चढी लिहिली म्हणून नोटीस आपोआप रद्द होते असे नाही, पण तिथून वाद सुरू होतो. भाडेकरू म्हणतो, ‘मी द्यायला तयार होतो, पण मागितले ते माझे देणे नव्हते.’ वीजबिल, दुरुस्तीचा खर्च, उसने घेतलेले पैसे हे सगळे एका आकड्यात मिसळले, तर भाडे नेमके किती हे शोधायला न्यायालयाला कागद चाळावे लागतात.

भाडे किती ठरले होते यावरच वाद असेल, तर करार पुढे येतो. कायद्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करायचे काम मालकाचे. तोंडी ठरलेल्या 6,000 च्या जागी भाडेकरूने 4,000 सांगितले, तर बँकेच्या नोंदी, पावत्या किंवा मोबाईलवरून आलेल्या जुन्या रकमा मालकाला दाखवाव्या लागतात.

हिंदीत नोटीस चालते का?

चालते. नोटीस अमुकच भाषेत हवी अशी अट या कलमांत नाही. तिचा हेतू समोरच्याला मागणी कळवण्याचा, म्हणून हिंदी वाचणाऱ्याला हिंदीत लिहिलेली नोटीस उलट अधिक भक्कम. ‘मला मजकूर समजलाच नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

पण ती पुढे न्यायालयात जाणार, आणि महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने ती ठरली. त्यामुळे मूळ हिंदी नोटिशीसोबत तिचा बरोबर मराठी अनुवाद तयार ठेवावा. अनेक वकील एकाच कागदावर दोन्ही भाषांत मजकूर देतात. तसे केले तर रक्कम, महिने आणि दिवस दोन्हीकडे तंतोतंत जुळतात ना, हे ताडून पाहावे. आकडे अंकांत आणि अक्षरांत दोन्हींत लिहिले, की घोळ होत नाही.

उदाहरणातल्या गाळ्यासाठी गाभ्याचा मजकूर असा होईल:

> आपको सूचित किया जाता है कि मुरुड, जिला लातूर स्थित दुकान (गाला क्रमांक …) आपको ₹6,000 (छह हज़ार रुपये) प्रतिमाह किराये पर दी गई है। पिछले अक्टूबर से इस मई तक आठ महीनों का किराया, कुल ₹48,000 (अड़तालीस हज़ार रुपये), बकाया है। यह नोटिस आपको मिलने के बाद 90 (नब्बे) दिन के भीतर पूरी बकाया राशि अदा करें। इस अवधि में राशि न मिलने पर दुकान के कब्ज़े, बकाया किराये और दावे के ख़र्च के लिए आपके विरुद्ध सक्षम न्यायालय में दावा दायर किया जाएगा।

यात धमकी नाही, पोलिसांचा उल्लेख नाही, सामान बाहेर फेकण्याची भाषा नाही. अशी वाक्ये नोटिशीला वजन देत नाहीत. उलट भाडेकरू तीच न्यायालयात दाखवतो.

ती पोचली हे कसे दाखवायचे?

मुदत बजावल्यापासून सुरू होते, म्हणून बजावणीचा पुरावा नसेल तर उत्तम लिहिलेली नोटीसही निरुपयोगी ठरते. कलम 106 ने बजावणीचे मार्ग सांगितले आहेत. टपालाने पाठवता येते. प्रत्यक्ष भाडेकरूच्या हातात देता येते, किंवा त्याच्या राहत्या जागी कुटुंबातल्या माणसाकडे वा नोकराकडे देता येते. यातले काहीच शक्य नसेल, तर जागेच्या ठळक भागावर चिकटवता येते. चिकटवणे हा शेवटचा पर्याय. टपालाने पाठवायचा प्रयत्नही न करता थेट शटरवर कागद डकवला, तर ते पुरे पडेलच असे नाही.

व्यवहारात पोचपावतीच्या टपालाचा मार्ग सर्वात सुरक्षित. पत्ता बरोबर असेल, टपालखर्च भरलेला असेल आणि पत्र नोंदणी करून पाठवले असेल, तर ते नेहमीच्या वेळेत पोचले असे कायदा गृहीत धरतो. भाडेकरूने पाकीट घ्यायला नकार दिला आणि पोस्टमनने तसा शेरा मारून ते परत पाठवले, तरी नोटीस बजावली गेली असे न्यायालय सहसा मानते. ‘पत्ता अपुरा’ असा शेरा आला, तर मात्र चूक पाठवणाऱ्याची. म्हणून दुकानाचा पत्ता आणि घरचा पत्ता, दोन्हीकडे प्रती पाठवणे शहाणपणाचे. परत आलेले पाकीट उघडू नये. ते तसेच, शेऱ्यासकट, पुरावा म्हणून लागते.

भाडेकरू हयात नसेल आणि दुकान त्याची मुले चालवत असतील, तर जुन्या नावाने काढलेली नोटीस अडचणीत येते. आता भाडेकरू कोण हे आधी ठरवून, त्या वारसांच्या नावांनी ती काढावी लागते.

दावा झाल्यावर आणखी एक संधी

नव्वद दिवस उलटले, दावा दाखल झाला, तरी भाडेकरूचा मार्ग संपत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून आणखी नव्वद दिवस त्याला मिळतात. या मुदतीत त्याने तोवर थकलेले सगळे भाडे न्यायालयात भरायचे आणि त्यावर दरसाल 15 टक्के सरळ व्याजही द्यायचे. दावा चालू असेपर्यंत पुढचे भाडे नियमित भरायचे आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्चही द्यायचा. हे सगळे नेमाने केले, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही.

उदाहरणातल्या भाडेकरूला समन्स 2 नोव्हेंबरला मिळाले, तर नव्वदावा दिवस 31 जानेवारी. तोवर थकलेले महिने आठ नव्हेत. मागच्या ऑक्टोबरपासून या जानेवारीपर्यंत सोळा झाले, म्हणजे 96,000 रुपये. व्याज 6,000 वर महिन्याला 75 रुपये. पहिल्या ऑक्टोबरचे भाडे पंधरा महिने उशिरा म्हणून त्याचे 1,125, त्यापुढच्या महिन्याचे चौदा महिन्यांचे, असे उतरत जाऊन एकूण व्याज 9,000 रुपये. म्हणजे 1,05,000 रुपये आणि वर दाव्याचा खर्च. हाच माणूस 8 सप्टेंबरपूर्वी मागितलेले 48,000 भरता आणि पुढचे भाडे नियमित देत राहता, तर व्याज आणि न्यायालयाच्या फेऱ्या दोन्ही वाचल्या असत्या. पूर्ण रकमेऐवजी काही भाग भरणे, किंवा दावा चालू असताना चार महिने खंड पडू देणे, हे या संरक्षणाला धोक्यात आणते.

भाडे कायदा लागू नसलेल्या क्षेत्रात वाट वेगळी. ‘भाडे थकले तर पट्टा संपेल’ अशी अट करारात असेल आणि मालकाने तिच्या आधारे पट्टा संपवला असेल, तर सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज आणि खर्च भरून भाडेपट्टा वाचवण्याची विनंती भाडेकरू करू शकतो. ती मान्य करायची की नाही, हे न्यायालयाच्या विवेकावर.

दोघांच्याही हातून होणाऱ्या चुका

मालकाची सर्वात महाग चूक म्हणजे मुदत संपायच्या आधीच वीज तोडणे, पाणी बंद करणे किंवा शटरला दुसरे कुलूप लावणे. अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे कायद्याच्या कलम 29 ने मनाई केली आहे. असे केल्यावर भाडेकरू न्यायालयात जातो आणि मूळ थकबाकीचा मुद्दा मागे पडतो. पट्टा संपवणाऱ्या पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर नेहमीसारखे भाडे घेत राहणे हीही चूक. मालकानेच नोटीस सोडून दिली, असा अर्थ त्यातून निघू शकतो. पैसे घ्यायचेच असतील, तर ते कशापोटी घेतले हे पावतीवर लिहावे.

भाडेकरूची सर्वात मोठी चूक म्हणजे गप्प राहणे. रक्कम चूक वाटत असेल, तर लेखी उत्तर द्यावे आणि जेवढे देणे मान्य आहे तेवढे बँकेतून पाठवावे. मालक घेत नसेल, तर पाठवल्याचा आणि परत आल्याचा पुरावा जपावा. ‘अनामत रकमेतून वळते करून घ्या’ हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. करारात तशी तरतूद किंवा मालकाची लेखी संमती नसेल, तर अनामत अनामत राहते आणि भाडे थकलेलेच दिसते. रोख भाडे देणाऱ्याने दर महिन्याला पावती मागावी. ती मिळणे हा त्याचा कायद्याने दिलेला हक्क आहे.

> थोडक्यात
>
> • आधी पाहा: जागा भाडे नियंत्रण कायद्याच्या क्षेत्रात आहे का?
>
> • असेल, तर थकबाकीची लेखी मागणी बजावल्यानंतर पूर्ण 90 दिवस थांबा. ताब्याचा दावा त्यानंतर.
>
> • नसेल आणि करारात वेगळे काही नसेल, तर महिन्याच्या भाड्याची जागा सोडवायला 15 दिवसांची नोटीस.
>
> • दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.
>
> • नोटीस हिंदीत चालते. न्यायालयासाठी मराठी अनुवाद जोडा.
>
> • पोचपावती आणि परत आलेले बंद पाकीट जपून ठेवा.
>
> • भाडेकरूने पहिल्या 90 दिवसांत थकीत भाडे भरून पुढचे चालू ठेवले, तर दाव्याचे कारण उरत नाही. समन्सनंतरच्या 90 दिवसांत भरायचे असेल, तर 15 टक्के व्याज आणि खर्चासह, आणि पुढचे भाडे न चुकवता.